साठा तफावत पत्रक : प्रकल्प नोंदी

२ जून

देखभाल भांडाराची मोजणी १२ आणि १३ जूनला ठरली. सुटे भाग, केबल, बोल्ट, तेल असा साधारण ६४० वस्तूंचा साठा आहे. मोजणी भांडाराची माणसं करतील. त्या मोजणीची पुस्तकाशी तुलना करणारं तफावत पत्रक बांधायचं काम माझ्याकडे आहे.

जुनं पत्रक उघडून पाहिलं. त्यात पुस्तकी शिल्लक, मोजणी, फरक आणि दर एवढेच रकाने आहेत. फरकाला दराने गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि तळाशी एकच निव्वळ आकडा लिहायचा, अशी पद्धत. तूट आणि वाढ त्या बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतात. पन्नास हजारांची तूट आणि एकोणपन्नास हजारांची वाढ असली तरी तळाशी फक्त हजार दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं भांडार चोख आहे. म्हणून पहिला निर्णय असा, की तुटीची रक्कम एका रकान्यात, वाढीची दुसऱ्यात. दोन्ही बेरजा वेगळ्या राहतील आणि निव्वळ आकडा त्यांच्या खाली येईल.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. मोजणी आणि पुस्तक यांतला पहिला फरक म्हणजे तूट नव्हे. त्यात न चढलेल्या पावत्या असतात, चुकीची एककं असतात, बाहेर गेलेला माल असतो. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते खरं. पत्रकाला ही गाळणी जमली पाहिजे आणि कुठे काय गाळलं ते मागाहून पाहणाऱ्याला दिसलंही पाहिजे.

४ जून

रकाने ठरले. A कोड, B नाव, C एकक, D जागा. E मध्ये कटऑफच्या, म्हणजे पुस्तक जिथे थांबवायचं त्या क्षणाची पुस्तकी शिल्लक, F मध्ये त्या शिलकेत न आलेली आवक, G मध्ये तशीच जावक, आणि H मध्ये या तिघांतून निघणारी समायोजित शिल्लक. I पहिली मोजणी, J फेरमोजणी, K ग्राह्य मोजणी, L फरक, M दर, N तूट, O वाढ, P कारण. Q मध्ये मोजणीची वेळ.

सूत्रं अशी:

```
H2: =E2+F2-G2
K2: =IF(J2<>"",J2,IF(I2<>"",I2,""))
L2: =IF(K2="","",ROUND(K2-H2,3))
N2: =IF(L2="","",MAX(-L2,0)*M2)
O2: =IF(L2="","",MAX(L2,0)*M2)
```

K मधली रिकाम्या चौकटीची अट मुद्दाम घातली आहे. ती नसेल तर न मोजलेली वस्तू शून्य धरली जाते आणि तिचा अख्खा साठा तूट म्हणून उभा राहतो. जागेवर काहीच सापडलं नाही तर मोजणाऱ्याने ० लिहायचं. चौकट रिकामी असेल तर तिथे कुणी गेलंच नाही, असा अर्थ. मोजणी संपल्यावर K रिकामा असलेल्या ओळी आधी गाळून बघायच्या आणि त्या शून्यावर आल्याखेरीज बेरजेकडे वळायचं नाही.

ROUND केबलसाठी आहे. मीटरचे दशांश वजा करताना कधी कधी ०.००००००१ असा कचरा उरतो, आणि ‘फरक असलेल्या ओळी दाखव’ म्हटलं की असल्या ओळी रांगेने समोर येतात.

मोजणीच्या चिठ्ठीवर पुस्तकी शिल्लक छापायची नाही, हेही आज ठरलं. स्टोअरकीपरला ते फारसं रुचलं नाही. “आकडा असला की काम लवकर होतं हो,” असं त्यांचं म्हणणं. लवकर होतं हे खरंच आहे, कारण समोर ४६ लिहिलेलं असलं की ४४ मोजून झाल्यावर माणूस उरलेले दोन मनातच शोधतो.

६ जून

आजचा सगळा वेळ कटऑफवर गेला. पुस्तकी शिल्लक १२ जूनच्या सकाळी ८ वाजताची घ्यायची हे ठरलेलं आहे. मोजणी मात्र दोन दिवस चालणार आणि कारखाना त्या काळात बंद राहणार नाही. तातडीचा माल द्यावाच लागेल. म्हणजे ८ वाजता पुस्तकात असलेली वस्तू ११ वाजता फळीवर नसेल, आणि त्यात कुणाचाही दोष नसेल.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे दोन दिवसांतली सगळी जावक शिलकेतून वजा करणं. तो चुकीचा आहे. वस्तू मोजून झाल्यानंतर गेलेला माल मोजणीत आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो वजा करायचा नाही. फक्त कटऑफ ते त्या वस्तूच्या मोजणीचा क्षण, एवढ्याच काळातली हालचाल धरायची. म्हणून प्रत्येक मोजणी चिठ्ठीवर वेळ हवी आणि त्या दोन दिवसांतल्या प्रत्येक मागणी चिठ्ठीवरही वेळ हवी.

कागदावर करून पाहिलं. समजा ६२०५ बेअरिंगची शिल्लक ४६ आहे. १०:४० ला ४ दिले, फळी ११:१५ ला मोजली, मोजणी ४२ आली. जावक मोजणीच्या आधीची असल्याने वजा झाली, समायोजित शिल्लक ४२, फरक शून्य. आता एका ऑइल सीलची शिल्लक ३० आहे. फळी ९:३० ला मोजली, ३० भरले. दुपारी २ ला ६ दिले. ही जावक वजा केली तर समायोजित शिल्लक २४ होते आणि पत्रक ६ सील ‘वाढ’ दाखवतं. ती वाढ भांडारात कुठेच नाही, फक्त वजाबाकीत आहे.

न चढलेल्या चिठ्ठ्या Aavak आणि Jaavak या दोन पानांवर टाकायच्या, A मध्ये कोड, C मध्ये तारीख-वेळ, D मध्ये संख्या. मग G रकाना असा:

```
=SUMIFS(Jaavak!D:D,Jaavak!A:A,A2,Jaavak!C:C,"<="&Q2)
```

F साठी हेच सूत्र, फक्त पान Aavak. दोन गोष्टी सांभाळायच्या. वेळ मजकूर म्हणून टाइप झाली तर सूत्र मुकाट्याने ० देतं, चूक दाखवत नाही. आणि फेरमोजणी झाली की Q मध्ये फेरमोजणीची वेळ आली पाहिजे, कारण आता तीच मोजणी ग्राह्य आहे.

९ जून

कागदपत्रांचा बंदोबस्त. कटऑफआधीची शेवटची आवक नोंद, शेवटची जावक चिठ्ठी आणि फाटकावरची शेवटची नोंद यांचे क्रमांक १२ तारखेला सकाळी ८ ला लिहून घ्यायचे. नंतर कुणी जुन्या तारखेने चिठ्ठी चढवली तर या क्रमांकांवरून ती पकडता येते.

माल आत घेण्याच्या जागेवर एक खोका दिसला, त्यात पंपाची १० कपलिंग्ज. माल आजच आला, पण बिल आलं नाही म्हणून आवक चढवलेली नाही. त्यातली काही उद्या लागतील असं देखभालवाले म्हणतात. याची नोंद करून ठेवली, हे पुढे पत्रकात तोंड काढणार.

१२ जून

मोजणी सुरू. आकडे येतात तसे टाकतो आहे, मत नंतर.

केबलच्या ड्रमवरची मोजणी बघायला मुद्दाम गेलो. ड्रम उलगडून मापत नाहीत. वेष्टणावर ठरावीक अंतराने लांबीचे आकडे छापलेले असतात. बाहेरच्या टोकाचा आकडा आणि आतल्या टोकाचा आकडा यांची वजाबाकी केली की उरलेली लांबी मिळते. चार कोअरच्या एका ड्रमवर बाहेर १३८६ आणि आत ११७४, म्हणजे २१२ मीटर. पुस्तकात २३६ आहे. काही ड्रमवर आतलं टोक फळीखाली दबलेलं असतं, तिथे अंदाज न लिहिता ‘वाचता आला नाही’ असं लिहायला सांगितलं.

तेल वजनावर. २१० लिटरच्या पिंपातलं उरलेलं तेल पट्टी बुडवून मोजण्यापेक्षा वजन करून, रिकाम्या पिंपाचं वजन वजा करून, घनतेने भागलेलं बरं. १५४ किलो निव्वळ भरलं, या तेलाच्या माहितीपत्रकात घनता ०.८८, म्हणजे १७५ लिटर. पुस्तकात १७८.

१३ जून

मोजणी संपली. सात ओळी रिकाम्या होत्या, संध्याकाळपर्यंत मोजून घेतल्या.

कच्च्या बेरजा, म्हणजे F आणि G अजून न भरता: तूट ६९,५००, वाढ ३१,५००. निव्वळ ३८,००० तूट. व्यवस्थापकांनी फोनवर फक्त हाच शेवटचा आकडा विचारला. सांगितला, पण आठवडाभर तो कुणाला कळवू नका असंही सांगितलं.

१६ जून

मोठ्या रकमांपासून सुरुवात. N आणि O उतरत्या क्रमाने लावले की पहिल्या पाच-सहा ओळींतच बहुतेक रक्कम असते. खालच्या ओळींवर वेळ घालवायची घाई नाही.

कपलिंग. पुस्तकात −१, मोजणी ९. वाढ १०, दर २,४००, रक्कम २४,०००. पुस्तकी शिल्लक ऋण असायला नको. तशी दिसली तर माल आत आला आहे पण आवक चढलेली नाही आणि त्यातलाच माल दिला गेला आहे, असं आधी समजायचं. इथे तसंच झालं. जुने ३ होते, १० तारखेला ४ दिले, ९ तारखेची १० ची आवक बिलासाठी अडकली. Aavak पानावर ती टाकली, H झाली ९, फरक शून्य. चोवीस हजारांची वाढ नाहीशी झाली.

बिल नसलं तरी माल आला त्या दिवशीच आवक चढली पाहिजे, देणं तात्पुरत्या दराने धरता येतं. हे लेखा विभागाला लेखी कळवलं.

हातमोजे. पुस्तकात ४८० जोड्या, मोजणी ४०. तूट ४४०, दर ३५, रक्कम १५,४००. पुस्तकी शिलकेला मोजणीने भागलं तर बरोबर १२ येतात, आणि पाकिटात १२ जोड्या असतात. मोजणाऱ्याने पाकिटं मोजली. फेरमोजणी जोड्यांत, ४८०, फरक शून्य. एककाची चूक हुडकायला पत्रकात एक तात्पुरता रकाना टाकला, H भागिले K. तिथे ५, १०, १२, १००, १००० असा गोल आकडा आला की एकक बघायचं. आणखी दोन किरकोळ ओळी अशाच सापडल्या.

मोटारी. पुस्तकात २, मोजणी ०. तूट ३७,०००, दर १८,५००. सगळ्यात मोठी ओळ हीच. दोन्ही दुरुस्तीला बाहेर गेल्या आहेत, असं भांडाराचं तोंडी म्हणणं. माल बाहेर असला तरी मालकी आपलीच, त्यामुळे तो साठ्यात राहतो. पण तोंडी सांगण्यावर ओळ बंद करता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडून मोटारींच्या अनुक्रमांकांसह लेखी खातरजमा मागवली. उत्तर येईपर्यंत P मध्ये ‘बाहेरची खातरजमा बाकी’.

याची उलटी बाजूही पाहून घेतली. एका पुरवठादाराचा माल आपल्या फळीवर आहे, जो वापरल्यावरच विकत घेतल्यासारखा धरला जातो. तो मोजणीत आला असता तर वाढ दिसली असती. मोजणाऱ्यांनी त्याला वेगळी खूण केली होती, त्यामुळे पत्रकात आला नाही.

१७ जून

बोल्ट. दोन ओळी वेगवेगळ्या पाहिल्या तर एक तूट आणि एक वाढ. एकत्र पाहिल्या तर वेगळीच गोष्ट दिसते.

एम१२ × ५० : पुस्तक १,१५०, मोजणी ८३०, तूट ३२०, दर १४, रक्कम ४,४८०.
एम१२ × ६० : पुस्तक ६००, मोजणी ९१५, वाढ ३१५, दर १७, रक्कम ५,३५५.

अशा जोड्या शेजारच्या मापांत, एकाच रंगाच्या डब्यांत, एका अक्षराने वेगळ्या कोडांत सापडतात. पण आकडे जवळ आले म्हणून जोडी लावून मोकळं होता येत नाही. तसं केलं तर खरी तूट एखाद्या योगायोगाच्या वाढीमागे लपते. पुरावा लागतो.

चिठ्ठ्या काढल्या. गेल्या दोन महिन्यांत ६० मिमीच्या तीन चिठ्ठ्या अशा आहेत, की ज्या कामाला त्या दिल्या त्याच्या आराखड्यात ५० मिमीचाच बोल्ट आहे. संख्या १००, १२० आणि ९५, बेरीज ३१५. म्हणजे दिले ५० मिमीचे, लिहिले ६० मिमीचे. पुस्तकातून ६० कमी झाले आणि फळीवरून ५० गेले.

आता मूल्यांकन. ३१५ बोल्ट ६० मिमीच्या खात्यात परत येतील, १७ ने ५,३५५. ५० मिमीतून ३१५ जातील, १४ ने ४,४१०. मधले ९४५ साठ्याची वाढ म्हणून धरायचे का? नाही. त्या तीन कामांवर बोल्टचा खर्च १४ ऐवजी १७ ने पडला होता, म्हणजे खर्च ९४५ ने जास्त लागला. तेवढा त्या कामांच्या खर्चातून कमी होईल. वाढीच्या खात्याशी याचा संबंध नाही.

उरलेली खरी तूट ५ बोल्टची, ७० ची. बोल्टच्या ढिगात पाच कुठे गेले ते शोधायला कुणालाही धाडणार नाही.

१८ जून

केबलची फेरमोजणी. ड्रमवर तेच २१२. पण भंगाराच्या कोपऱ्यात त्याच मापाचे दोन तुकडे मिळाले, ६ आणि ९ मीटर. काम संपल्यावर परत आणलेले, परतीची चिठ्ठी नाही. वापरता येण्यासारखे आहेत असं विद्युत विभागाने पाहून सांगितलं, म्हणून मोजणी २२७ धरली. तूट ९ मीटर, दर १८०, रक्कम १,६२०. कच्च्या पत्रकात २४ मीटर आणि ४,३२० होते. कापताना दर वेळी टोकाचा थोडा भाग वाया जातो आणि चिठ्ठीवर गोल आकडा लिहिला जातो, त्यामुळे ड्रमवर थोडी तूट साचतेच. ९ मीटर त्यातले असतील असं वाटतं, पण पुरावा नाही, म्हणून तूट ही तूटच राहील.

तुकड्यांचा प्रश्न पुढेही येणार. ६ मीटरच्या तुकड्याला पूर्ण सरासरी दर लावायचा का? तो पुढच्या कामात लागणार असेल तर हो. लागणार नसेल, भंगाराच्या भावाने जाणार असेल, तर विकून जे निव्वळ मिळेल त्यापेक्षा जास्त किंमत धरता येत नाही. आत्ता लागणार आहे, म्हणून पूर्ण दर.

१९ जून

दरांचा दिवस. लेखा विभागातून विचारणा आली, “तुटीला शेवटच्या खरेदीचा दर का नाही लावत? आज तो माल आणायचा तर तेवढेच पडतील ना?”

फिल्टर कार्ट्रिजवरून उत्तर दिलं. सुरुवातीला २० होते, दर ३१०, किंमत ६,२००. मग ३० आले, दर ३६०, किंमत १०,८००. एकूण ५० नग आणि १७,०००, सरासरी ३४०. मोजणीत ४३ भरले, तूट ७.

सरासरी दराने तूट २,३८०. पुस्तकात ४३ नग आणि १४,६२० उरतात, म्हणजे दर ३४० च. शेवटच्या खरेदीच्या दराने तूट २,५२० होते, पुस्तकात ४३ नगांवर १४,४८० उरतात आणि सरासरी उतरून ३३६.७४ होते. एकही खरेदी न होता उरलेल्या मालाचा दर बदलला. ज्या दराने माल पुस्तकात बसला आहे त्याच दराने तो पुस्तकातून निघाला पाहिजे. परत आणायला किती लागतील हे खरेदीच्या अंदाजपत्रकात विचारायचं.

वाढीलाही तोच सरासरी दर. अडचण येते ती पुस्तकात शून्य शिल्लक असलेल्या वस्तूची, जिथे सरासरी दरच नसतो. तिथे त्या वस्तूचा शेवटचा सरासरी दर घेतला, आणि जुनाट दिसणाऱ्या दोन वस्तूंना वापरता येतील का ते विचारून मगच किंमत लावली. एक वापरात नाही असं कळलं. तिला शून्य दर दिला, संख्या मात्र नोंदवली. शंकेच्या वाढीला भरघोस दर देऊन तूट झाकायची सवय भांडारात लवकर लागते.

M रकाना आता सूत्राने भरत नाही. कटऑफच्या वेळचे दर खातेवहीतून एकदा उतरवून गोठवले आहेत. रोज नव्या खरेदीने सरासरी हलते आणि पत्रकाची बेरीज आपोआप बदलत राहिली तर तिच्यावर सही कोण करणार.

२० जून

फिल्टरच्या ७ ची चौकशी. चिठ्ठ्यांत काही नाही. मग यंत्रांच्या देखभाल नोंदवह्या पाहिल्या. रात्रपाळीत बदललेल्या ५ फिल्टरची नोंद वहीत आहे, भांडारात चिठ्ठी नाही. त्या वेळी भांडार बंद असतं आणि किल्ली पर्यवेक्षकाकडे असते. हे ५ फिल्टर हरवले नाहीत, वापरले गेले. म्हणून १,७०० त्या यंत्रांच्या देखभाल खर्चात जातील. न सापडलेले २, ६८० चे, तेवढी तूट.

हा फरक महत्त्वाचा का, असं स्टोअरकीपर म्हणाले. “साठा तर दोन्हीकडे तेवढाच कमी होणार.” साठा तेवढाच कमी होतो, पण तुटीच्या खात्यात गेलेला वापर म्हणजे यंत्राचा खर्च कमी दिसणं आणि भांडाराचा हलगर्जीपणा जास्त दिसणं. नुकसान तुमचंच, असं म्हटल्यावर पटलं.

तेल: १७८ विरुद्ध १७५, तूट ३ लिटर, दर २६०, रक्कम ७८०. द्रवांसाठी २ टक्के मर्यादा ठेवली आहे, ती ३.५६ लिटर होते. तापमानाने घनता बदलते, रिकाम्या पिंपाचं वजनही एकसारखं नसतं. मापनातच तेवढी अनिश्चितता आहे, त्यामुळे हा फरक पत्रकात दिसेल पण पुस्तकात चढणार नाही. नगांनी मोजायच्या मालाला ही सवलत नाही. तिथे मर्यादा फक्त एवढंच ठरवते, की कशाची फेरमोजणी करायची आणि कशाची नाही. एक बेअरिंग कमी असेल तर रक्कम कितीही लहान असो, पुस्तकातून एक कमी होणारच. नाहीतर पुढच्या मोजणीत तोच एक पुन्हा भेटतो.

२३ जून

उरलेल्या लहान ओळी. कच्च्या पत्रकात त्यांची तूट ५,१४० आणि वाढ २,१४५ होती. फेरमोजणीनंतर तूट ३,२६० आणि वाढ १,४१०. यात सांगण्यासारखं विशेष नाही, बहुतेक चुकीच्या फळीवर ठेवलेला माल.

बेरजा आता अशा. तूट: केबल १,६२०, बोल्ट ७०, फिल्टर ६८०, इतर ३,२६०, एकूण ५,६३०. वाढ १,४१०. निव्वळ तूट ४,२२०. तेलाचे ७८० वेगळे दाखवले, मोटारींचे ३७,००० ‘खातरजमा बाकी’ म्हणून वेगळे. भांडाराची पुस्तकी किंमत १८,४०,००० आहे. निव्वळ तूट तिच्या ०.२३ टक्के. तूट आणि वाढ मिळून ७,०४०, म्हणजे ०.३८ टक्के. अहवालात दुसरा आकडा वर घेतला. नोंदी किती बिघडल्या आहेत ते तोच सांगतो.

कच्च्या पत्रकातल्या तूट-वाढीची एकत्र बेरीज १,०१,००० होती. त्यातली बहुतेक रक्कम कुठे गेली हे P रकान्यावरून कळतं: न चढलेली आवक, एकक, बाहेरचा माल, कोडांची अदलाबदल. प्रत्येक कारणाची बेरीज वेगळी दिली आहे.

२४ जून

नोंदी चढवताना एक वाद झाला. सॉफ्टवेअरमध्ये दोन रस्ते आहेत. एकात प्रत्यक्ष संख्या टाकायची, मग ते शिल्लक थेट तेवढी करतं. दुसऱ्यात फरक टाकायचा. पहिला रस्ता सोपा दिसतो, चढवणाऱ्याचा कलही तिकडेच होता.

पण फिल्टर १२ तारखेला ४३ होते. त्यानंतर ४ दिले गेले, आज फळीवर ३९ आहेत आणि पुस्तकात ४६. आज शिल्लक ‘४३’ केली तर ते ४ पुस्तकात परत येतात. फरक चढवला तर ४६ मधून ७ जातात, ५ वापर म्हणून आणि २ तूट म्हणून, आणि ३९ उरतात. मोजणी आणि नोंद यांच्यात माल हलला असेल तर फरकच चढवायचा.

कपलिंगची उलट काळजी. तिथे फरक शून्य आहे, काही चढवायचं नाही. १० ची आवक बिल आल्यावर आपोआप चढेल. कुणी आज +१० केले आणि पुढच्या आठवड्यात आवकही चढली, तर १० नग हवेतून येतील. ती ओळ पत्रकात कुलूपबंद केली.

जमाखर्चात तूट ५,६३० नावे साठा तूट खाते, जमा साठा. वाढ १,४१० नावे साठा, जमा साठा वाढ खाते. दोन वेगळ्या नोंदी, वजाबाकी न करता. फिल्टरचे १,७०० आणि बोल्टची दुरुस्ती त्यांच्या त्यांच्या खर्चखात्यांत.

२६ जून

मोटारींचं उत्तर आलं. दुरुस्तीवाल्याकडे एकच आहे, अनुक्रमांक आपल्या नोंदीशी जुळतो. दुसरी ११ जूनला परत पाठवली, असं म्हणतात. फाटकाच्या वहीत ११ तारखेला संध्याकाळी ती आत आल्याची नोंद आहे. भांडारात पोचलीच नाही, कारण देखभालवाल्यांनी ती फाटकावरूनच नेऊन पंपाला बसवली. जागेवर जाऊन अनुक्रमांकाची पाटी पाहिली, तीच आहे.

म्हणजे ३७,००० पैकी १८,५०० साठ्यातच राहतात, जागा ‘दुरुस्तीकडे’. उरलेल्या १८,५०० ची ११ जूनच्या तारखेने परत-आवक आणि जावक, खर्च पंपावर. तुटीत एक पैसाही नाही. फाटकाच्या वहीत ‘भांडाराची चिठ्ठी क्र.’ असा एक रकाना वाढवायला सांगितला आहे. पुढच्या मोजणीत तो रकाना रिकामा असलेल्या नोंदी आधी काढायच्या, त्या Aavak पानावर जातील.